अ, ॲन, द : आधी मराठीत ‘कुठला?’ विचारा, मग इंग्रजीत लिहा

या आठवड्याच्या व्हिडिओत फळ्यावर आठ वाक्यं होती. ती वहीत उतरवून घ्यायला वेळ मिळाला नाही, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. म्हणून तोच धडा इथे सावकाश, एकेक वाक्य घेऊन लिहितोय.

वाक्यं आपल्या बॅचमधल्या एका ताईंची आहेत. त्या घरून कडक भाकरी बनवून विकतात. बेंगळुरूच्या एका दुकानदाराने त्यांना विचारलं, ‘तुमच्या मालाची इंग्रजीत थोडी माहिती पाठवा, मग पहिली ऑर्डर ठरवू.’ ताईंनी आधी मराठीत माहिती लिहिली आणि मग तिचं स्वतः इंग्रजी केलं. शब्द बरोबर, क्रियापदं बरोबर. लाल पेन लागला तो फक्त अ, ॲन, द या तीन शब्दांना. व्याकरणाच्या पुस्तकात यांना उपपदं म्हणतात.

एक गोष्ट आधी सांगतो. इथे इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. का, ते ‘ॲन’च्या भागात कळेल.

आधी ताईंचं मराठी वाचा:

1. बार्शीत आमचं छोटं दुकान आहे.
2. दुकान भगवंत मंदिराजवळ आहे.
3. भाकरी ज्वारीपासून बनते.
4. आम्ही वैरागच्या शेतकऱ्यांकडून ज्वारी घेतो.
5. ज्वारी आम्ही स्वतः दळतो.
6. पाकिटात दहा भाकरी असतात.
7. आमच्याकडे एफएसएसएआय नंबर आहे.
8. तक्रारी कमी येतात.

आणि हे त्यांनी केलेलं इंग्रजी:

1. वुई हॅव द स्मॉल शॉप इन बार्शी.
2. शॉप इज निअर भगवंत टेंपल.
3. द भाकरी इज मेड फ्रॉम द ज्वारी.
4. वुई बाय ज्वारी फ्रॉम द फार्मर्स ऑफ वैराग.
5. वुई ग्राइंड ज्वारी अवरसेल्व्ह्ज.
6. पॅकेट हॅज टेन भाकरीज.
7. वुई हॅव अ एफएसएसएआय नंबर.
8. वुई गेट अ फ्यू कंप्लेंट्स.

आठही वाक्यांत उपपद चुकलंय. कुठे नको तिथे आलंय, कुठे हवं तिथे राहून गेलंय. पण नीट बघितलं तर या चुकांमागे दोन-तीनच कारणं आहेत.

मराठीत उपपद नाही, पण फरक आहे

आपल्याला शाळेत सांगतात की मराठीत उपपदं नाहीत, म्हणून ती पाठ करावी लागतात. पहिला भाग खरा आहे. पण उपपद जो फरक दाखवतं, तो फरक आपण मराठीत रोज करतो. फक्त त्यासाठी वेगळा शब्द वापरत नाही.

ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा:

मी आचारी शोधतोय.
मी आचाऱ्याला शोधतोय.

पहिल्या वाक्यात मला कुणीतरी आचारी कामाला हवाय. कुणीही चालेल, अजून ठरलेला नाही. दुसऱ्या वाक्यात आचारी ठरलेला आहे, कदाचित सकाळपासून कामावर आलेला नाही आणि मी त्याला हुडकत फिरतोय. ‘ला’ लागला की माणूस ठरलेला झाला. इंग्रजीत हेच काम उपपद करतं: पहिलं वाक्य ‘आय ॲम लुकिंग फॉर अ कुक’, दुसरं ‘आय ॲम लुकिंग फॉर द कुक’.

आता दुसरी जोडी:

भगवंत मंदिराजवळ दुकान आहे.
दुकान भगवंत मंदिराजवळ आहे.

शब्द तेच, जागा बदलली. पहिलं वाक्य ऐकणाऱ्याला दुकानाबद्दल काहीच माहीत नाही, आपण त्याला नवीन सांगतोय. दुसऱ्यात दुकानाचा विषय आधीच निघालेला आहे, आता फक्त पत्ता सांगतोय. इंग्रजीत पहिल्याचं होतं ‘देअर इज अ शॉप निअर द भगवंत टेंपल’, दुसऱ्याचं ‘द शॉप इज निअर द भगवंत टेंपल’.

म्हणजे मराठीत साधारणपणे नवी गोष्ट क्रियापदाजवळ बसते आणि माहितीची गोष्ट वाक्याच्या सुरुवातीला येते. ही खूण आहे, नियम नाही. ती कुठे फसवते, ते सहाव्या वाक्यात येईलच. म्हणून खुणेनंतर एक प्रश्न विचारायचा: कुठला?

हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही, वाचणाऱ्याच्या जागी बसून विचारतो. ‘कुठलं दुकान?’ असं विचारल्यावर वाचणारा नेमकं बोट ठेवू शकतो का?

बोट ठेवू शकतो: द.
ठेवू शकत नाही, आणि वस्तू एक आहे, मोजता येते: अ किंवा ॲन.
ठेवू शकत नाही, आणि वस्तू अनेक आहेत किंवा मोजता येत नाही, जसं पीठ, तेल, ज्वारी: काहीच नको.

तिसरी ओळ आपण विसरतो. काहीच न लावणं हेसुद्धा एक उत्तर आहे. आता हा प्रश्न घेऊन ताईंच्या वाक्यांकडे जाऊ.

वाक्य 1 आणि 2: पहिल्यांदा अ, मग द

‘वुई हॅव द स्मॉल शॉप.’ बेंगळुरूचा दुकानदार विचारेल, कुठलं छोटं दुकान? त्याने ते पाहिलेलं नाही, त्याबद्दल ऐकलेलं नाही. बोट ठेवता येत नाही, म्हणून ‘अ स्मॉल शॉप’. ताईंच्या डोळ्यांसमोर त्यांचं दुकान होतं म्हणून त्यांनी ‘द’ लावला. लिहिणाऱ्याला माहीत असणं पुरत नाही, वाचणाऱ्याला माहीत असावं लागतं.

दुसऱ्या वाक्यात तेच दुकान परत आलं. आता कुठलं? नुकतं सांगितलं ते. म्हणून ‘द शॉप’. इथे ‘अवर शॉप’ही चाललं असतं, पण मग ‘द’ काढायचा. अ, द आणि माझा-तुझा-आमचा हे इंग्रजीत एकाच खुर्चीवर बसतात. एक बसला की दुसऱ्याला जागा नाही. ‘द अवर शॉप’ किंवा ‘अवर द शॉप’ होत नाही.

‘भगवंत टेंपल’च्या आधी ‘द’ का? टेंपल हा साधा शब्द आहे, आणि भगवंत म्हटल्यावर देऊळ ठरलं. मात्र गावांच्या, राज्यांच्या, माणसांच्या नावांना ‘द’ लागत नाही: बार्शी, सोलापूर, महाराष्ट्र. नद्यांना लागतो: द भीमा, द सीना. आपल्या जुन्या छोट्या गाडीचं नाव इंग्रजीत ‘द बार्शी लाइट रेल्वे’ असं येतं, तीच जी 1897 साली बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली. पण ‘बार्शी स्टेशन’ किंवा ‘सोलापूर युनिव्हर्सिटी’ला ‘द’ लागत नाही. नावांच्या बाबतीत ‘कुठला?’ हा प्रश्न पुरा पडत नाही. ती ऐकून, वाचूनच बसतात. पत्त्यात जे नाव रोज लिहावं लागतं, तेवढं एकदा बघून पक्कं करून ठेवा.

वाक्य 3, 4, 5: एकच ज्वारी, दोन वेगळी उत्तरं

तिसऱ्या वाक्यात ‘भाकरी ज्वारीपासून बनते’ असं आहे. भाकरी वाक्याच्या सुरुवातीला आली म्हणून ताईंनी ‘द’ लावला. पण प्रश्न विचारा: कुठली भाकरी? कुठलीही. भाकरी या प्रकाराबद्दल बोलणं चाललंय. कुठली ज्वारी? तीही कुठलीच ठरलेली नाही. सबंध प्रकाराबद्दल बोलताना ‘द’ येत नाही, आणि ज्वारी मोजता येत नाही म्हणून ‘अ’ही नाही. उत्तर: ‘भाकरी इज मेड फ्रॉम ज्वारी.’ दोन्हीकडे काहीच नको.

चौथ्या वाक्यात ज्वारीला काही लावलं नाही, ते बरोबर. चूक शेतकऱ्यांकडे आहे. ‘द फार्मर्स ऑफ वैराग’ म्हणजे वैरागचे शेतकरी, ठरलेले, सगळेच्या सगळे. वाचणाऱ्याला वाटेल की अख्ख्या गावाचा माल ताईंकडे येतो. खरं तर त्या पाच-सहा जणांकडून घेतात. म्हणून ‘फ्रॉम फार्मर्स इन वैराग’, म्हणजे वैरागच्या काही शेतकऱ्यांकडून. मराठीत दोन्हीला ‘वैरागच्या शेतकऱ्यांकडून’च म्हणतो आणि गैरसमज होत नाही. इंग्रजीत एका ‘द’ने दावा मोठा झाला. मालाबद्दल लिहिताना हे जपायचं, कारण समोरचा उद्या विचारू शकतो, ‘मग महिन्याला किती क्विंटल द्याल?’

पाचव्या वाक्यात ताईंनी मराठीतच उत्तर लिहून ठेवलं होतं. ‘आम्ही ज्वारी घेतो’ मध्ये ज्वारी क्रियापदाजवळ होती. ‘ज्वारी आम्ही स्वतः दळतो’ मध्ये ती उडी मारून पुढे आली. का? कारण आता ती माहितीची झाली. कुठली ज्वारी? वैरागहून घेतलेली. म्हणून ‘वुई ग्राइंड द ज्वारी अवरसेल्व्ह्ज’. ‘द’ नसेल तर वाक्य चुकत नाही, पण अर्थ सैल होतो: आम्ही ज्वारी दळतो, कुठलीतरी. ‘द’ आला की साखळी जुळते: तिथून घेतो आणि तीच दळतो. मालावर विश्वास बसतो तो त्या ‘तीच’मुळे.

वाक्य 6: इथे मराठीची खूण फसवते

‘पाकिटात दहा भाकरी असतात.’ पाकीट पहिलं आलंय, म्हणजे खुणेप्रमाणे ‘द’ यायला हवा. पण विचारा, कुठलं पाकीट? कुठलंही उचला, दहाच निघतील. बोट एकावर ठेवता येत नाही. वस्तू एक आहे, मोजता येते, म्हणून ‘अ पॅकेट हॅज टेन भाकरीज’. ‘ईच पॅकेट’ म्हटलं तर आणखी स्पष्ट, आणि तेव्हा ‘अ’ काढायचा, कारण ‘ईच’ही त्याच खुर्चीवर बसतो.

आणि मोजता येणारी एकटी वस्तू इंग्रजीत उघडी फिरत नाही. पॅकेट, शॉप, ऑर्डर, कस्टमर असा शब्द एकवचनात आला की पुढे काहीतरी हवंच: अ, द, माय, दिस, ईच, काहीही. ताईंची 2 आणि 6 ही वाक्यं याच एका कारणाने अडली. लिहून झाल्यावर फक्त एवढंच तपासलं तरी बऱ्याच चुका पकडता येतात.

इथेच अजून एक सवय मोडू. ‘अ’ म्हणजे ‘एक’ असं आपण धरून चालतो. पण ‘माझे वडील शेतकरी आहेत’ यात मराठीत ‘एक’ कुठे आहे? नाही. तरी इंग्रजीत ‘माय फादर इज अ फार्मर’ म्हणावंच लागतं. मराठी वाक्यात ‘एक’ शोधून त्याजागी ‘अ’ ठेवला तर अशी वाक्यं सुटतात.

वाक्य 7: ॲन कानाने लावायचा

‘स्वरांच्या आधी ॲन’ हे सगळ्यांना पाठ असतं. पण स्वर म्हणजे स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर, असं समजून गडबड होते. उपपद आवाजाकडे बघतं, स्पेलिंगकडे नाही. आणि आवाज लिहायला आपल्याकडे देवनागरीसारखं साधन आहे. पुढचा शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर अ ते औ पैकी असेल तर ‘ॲन’. दुसरं काहीही असेल, य आणि व धरून, तर ‘अ’.

एफएसएसएआय लिहिलं, पहिलं अक्षर ए. म्हणून ‘ॲन एफएसएसएआय नंबर’. काही जण ते सगळं मिळून ‘फसाई’ असं वाचतात. तसं वाचणार असाल तर पहिलं अक्षर फ, म्हणून ‘अ’. लिहिताना मात्र बहुतेक लोक अक्षरं सुटी वाचतात असं धरून ‘ॲन’ ठेवा.

असेच दुकानातले शब्द घ्या. ॲन एमआरपी, ॲन एसएमएस, ॲन एटीएम. पण अ जीएसटी बिल, अ यूपीआय पेमेंट, अ युनिट, अ वन-केजी पॅकेट. ‘अवर’ म्हणजे तास, त्यात ह ऐकू येत नाही, म्हणून ‘ॲन अवर’. आणि आकडा लिहिला तरी कान तोच: 8 किलोची पिशवी ‘ॲन एट-केजी बॅग’, 5 किलोची ‘अ फाइव्ह-केजी बॅग’.

आपल्या भागात दोन शब्दांना जपा. एक म्हणजे वर्ष. आपण त्याला ‘इयर’ म्हणतो, म्हणून हात ‘ॲन’कडे जातो. इंग्रजीत त्याची सुरुवात ‘य’ने होते, ‘यिअर’. म्हणून ‘अ यिअर’, ‘वन्स अ यिअर’. ‘ॲन’ लावला की शब्द कानाचा, म्हणजे ‘इअर’चा होऊन बसतो. दुसरी गोष्ट, एम, एल, एस या अक्षरांना आपण कधी कधी यम, यल, यस म्हणतो. तसं म्हटलं तर देवनागरीत य येईल आणि उत्तर चुकेल. आधी उच्चार एम, एल, एस करा, मग लिहा.

हाच कान ‘द’लाही लागतो, पण फक्त बोलताना. स्वराच्या आधी ‘दि’ म्हणतात: दि ऑर्डर, दि इनव्हॉइस. स्पेलिंग बदलत नाही.

वाक्य 8: एका ‘अ’ने अर्थ उलटला

ताईंना सांगायचं होतं की तक्रारी कमी येतात. त्यांनी लिहिलं ‘वुई गेट अ फ्यू कंप्लेंट्स’. बेंगळुरूला ते असं वाचलं गेलं असतं: आमच्याकडे काही तक्रारी येतात. ऑर्डर द्यायच्या आधीच त्याचा पुढचा प्रश्न असता, ‘कसल्या तक्रारी?’

‘अ फ्यू’ म्हणजे थोडे का होईना, आहेत. ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच. इथे आधीचा ‘कुठला?’ प्रश्न चालत नाही. हा वेगळा जोड आहे आणि तो जोड म्हणूनच लक्षात ठेवायचा. तक्रार, उशीर, परत आलेला माल अशा नको असलेल्या गोष्टींसाठी ‘फ्यू’ लिहा, आणि ‘व्हेरी फ्यू’ लिहिलं तर गैरसमजाला जागाच राहत नाही. गिऱ्हाईक, ऑर्डर, नवीन दुकानं यांसाठी ‘अ फ्यू’. ‘वुई हॅव अ फ्यू कस्टमर्स इन पुणे’ म्हणजे पुण्यात आपली काही गिऱ्हाइकं आहेत. त्यातला ‘अ’ गळला तर पुण्यात आपल्याला फारसं कुणी विचारत नाही, असं आपणच सांगितलं.

मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी असाच जोड ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’ असा आहे. ‘देअर इज अ लिटल स्टॉक’ म्हणजे थोडा माल आहे, घेऊन जा. ‘देअर इज लिटल स्टॉक’ म्हणजे माल संपतच आलाय.

दुरुस्त केलेला परिच्छेद

1. वुई हॅव अ स्मॉल शॉप इन बार्शी.
2. द शॉप इज निअर द भगवंत टेंपल.
3. भाकरी इज मेड फ्रॉम ज्वारी.
4. वुई बाय ज्वारी फ्रॉम फार्मर्स इन वैराग.
5. वुई ग्राइंड द ज्वारी अवरसेल्व्ह्ज.
6. अ पॅकेट हॅज टेन भाकरीज.
7. वुई हॅव ॲन एफएसएसएआय नंबर.
8. वुई गेट व्हेरी फ्यू कंप्लेंट्स.

आता तुमची पाळी

खालच्या पाच वाक्यांचं इंग्रजी करा. प्रत्येक नामापाशी थांबा, वाचणाऱ्याच्या जागी बसून ‘कुठला?’ विचारा, आणि मगच उत्तरं बघा.

क. आम्ही ड्रायव्हर शोधतोय.
ख. तुमची ऑर्डर मिळाली. ऑर्डर उद्या निघेल.
ग. शेंगदाणे महाग झालेत.
घ. तुम्ही पाठवलेले शेंगदाणे ओले होते.
च. आम्ही वर्षातून एकदा यूपीआय मशीन बदलतो.

उत्तरं:

क. ‘वुई आर लुकिंग फॉर अ ड्रायव्हर.’ ‘ला’ नाही, म्हणजे कुणी ठरलेला नाही.

ख. ‘वुई रिसीव्ह्ड युअर ऑर्डर. दि ऑर्डर विल लीव्ह टुमॉरो.’ पहिल्यात ‘युअर’ खुर्चीवर बसलाय, दुसऱ्यात तीच ऑर्डर परत आली.

ग. ‘ग्राउंडनट्स हॅव बिकम कॉस्टली.’ सगळ्या शेंगदाण्यांबद्दल आहे, काहीच नको.

घ. ‘द ग्राउंडनट्स यू सेंट वर डॅम्प.’ कुठले? तुम्ही पाठवलेले. बोट ठेवता आलं.

च. ‘वुई चेंज अवर यूपीआय मशीन वन्स अ यिअर.’ एकदा काढून ठेवलेलं ‘अवर’, एकदा य ऐकून लावलेला ‘अ’.

‘ग’ आणि ‘घ’ या दोन वाक्यांत अडखळला असाल तर तिसऱ्या आणि पाचव्या वाक्याचा भाग परत वाचा. तिथली ज्वारी आणि इथले शेंगदाणे एकाच नियमाने चालतात. पुढच्या आठवड्यात याच परिच्छेदातले ‘इन’, ‘निअर’, ‘फ्रॉम’ घेऊ, कारण मराठीत ते नामाच्या मागे लागतात आणि इंग्रजीत पुढे.